दोन ठोके म्हणजे थांब

ठोक्याचं खरं नाव काय, हे त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागायचं. भिंत दिसली की बोटाची पेरं तिच्यावर आपटायची आणि कान टवकारायचे, ही त्याची सवय. मग ती भिंत गिऱ्हाइकाची असो, दवाखान्याची असो, नाहीतर स्वतःच्या लग्नाच्या हॉलची. लग्नात म्हणे तो मुंडावळ्या बांधल्या-बांधल्या मागच्या भिंतीवर ठोकून ‘साडेचार इंची वीट आहे’ असं पुटपुटला होता. हे त्याच्या सासऱ्यांनी ऐकलं आणि पुढची तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

हा नाद त्याला लावला दादाने, त्याच्या थोरल्या भावाने. दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, तेव्हा दादाने त्याला शाळेतून काढून कामावर नेलं नाही, उलट शाळा संपेपर्यंत पोसलं, आणि मग ड्रिल मशीन हातात दिलं. पण पहिले सहा महिने ते चालू करू दिलं नाही. ‘आधी भिंतीला विचार,’ म्हणायचा. ‘वीट वेगळं बोलते, काँक्रीट वेगळं बोलतं, आणि पोकळ ब्लॉक तर ओरडून सांगतो. ऐकणारा पाहिजे.’

दादाचं शिकवणं सोपं होतं. विटेला प्लास्टिकचा रॉल प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी नळी, तोही सांध्यात नाही, विटेच्या पोटात. भोक पाडताना हात हलका, नाहीतर वीट भुगा होऊन प्लग नुसता गरगर फिरतो. काँक्रीटला लोखंडी अँकर. नट आवळला की आतला शंकू ओढला जातो, बाहेरची नळी फाकते आणि भिंतीला घट्ट धरते. आणि पोकळ ब्लॉकला लोखंडी अँकर चुकूनही नाही. ‘लोखंडी अँकर म्हणजे भांडखोर माणूस,’ दादा म्हणायचा, ‘त्याला रेटायला समोर तेवढाच भक्कम कुणीतरी लागतो. पोकळ ब्लॉकची कड असते बोटभर जाडीची. ती फुटते तरी, नाहीतर त्याला धरायला काही मिळतच नाही.’ तिथे भिंतीच्या मागे जाऊन उघडणारं काहीतरी लागतं. नाहीतर जाळीच्या नळीत सुकून कडक होणारं रसायन भरून त्यात बोल्ट बसवायचा. आणि वजन माणसाचं असेल तर सरळ आरपार भोक पाडून पलीकडून पट्टी लावायची.

आरपार भोक पाडायचं असलं की दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहायचे. एक पाडणार, दुसरा पलीकडे वायर, पाइप, माणसं बघणार. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून त्यांची एक खूण ठरली होती. पलीकडून भिंतीवर एक ठोका आला की ‘येऊ दे’. दोन आले की ‘थांब’. बावीस वर्षं दोघांनी त्या दोन खुणांवर काम केलं. एकदाही कुणाची तार तुटली नाही, की कुणाला इजा झाली नाही.

आता ठोक्या छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. समोर बसून माणूस बोलला तर ओठ आणि आवाज मिळून भागायचं. पण बारीक आवाज गेले होते, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून निघाले होते. तीस वर्षं हॅमर ड्रिल कानाशी धरल्यावर दुसरं काय होणार? कानाचे डॉक्टर म्हणाले होते, मशीन लावा. त्याने विचार केला, कानात मशीन घातलेल्या माणसाच्या हातात भिंत कोण देईल? आणि चिठ्ठी पाकिटात ठेवून दिली. बायकोलाही सांगितलं नाही. बायको म्हणायची, ‘हल्ली तुम्ही माझं काहीच ऐकत नाही,’ आणि तो म्हणायचा, ‘आधी तरी कुठे ऐकत होतो?’ दोघंही हसायची. विषय तिथेच मिटायचा.

भिंतीवर ठोकणं मात्र त्याने सोडलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात त्याला एक गंमत जाणवली होती, की हल्लीच्या सगळ्याच भिंती भरीव असतात. कुठेही ठोका, भरीव. बांधकाम सुधारलं असावं, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की किती हुशार होतो! वीट असेल तर भुकटी लाल येते, त्यामुळे तिथे तो चुकत नव्हता. भुकटी राखाडी आली तर काँक्रीट. ब्लॉकची भुकटीही राखाडीच येते, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडेही काणाडोळा करता येतो.

दादाला झटका आला तो पावणेदोन वर्षांपूर्वी. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे तसेच तिखट होते, पण तोंडातून ‘अं’ आणि ‘हां’ यापलीकडे काही निघत नव्हतं. वहिनी एकटी सगळं करायची. मुलगा दूर नोकरीला, येऊन-जाऊन फोनवर काळजी करणारा. आणि दादाला सगळ्यात जास्त कसली लाज वाटत असेल, तर संडासात बायकोने काखेत हात घालून उठवण्याची. तो तिच्याकडे बघायचा नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा तर तो दिवसभर जेवलाच नाही. खाल्लं की जावं लागतं म्हणून. हे वहिनीनेच ठोक्याला सांगितलं.

‘भावजी, डाव्या हाताला धरायला एक दांडी लावून द्या ना,’ ती म्हणाली. ‘डाव्या हातात ताकद आहे त्यांच्या. व्यायाम शिकवायला येते ती मुलगी म्हणाली, दांडी असली तर हे आपले आपण उठतील. तेवढं झालं ना, तर हे जेवतील तरी.’

दादाने पलंगावरूनच होकाराची मान हलवली. दोनदा, जोरात. एवढं काही त्याने झटका आल्यापासून मागितलं नव्हतं.

ठोक्या दुसऱ्याच दिवशी माप घेऊन आला. फ्लॅट भाड्याचा, लिफ्ट आहे म्हणून घेतलेला. कमोडच्या डाव्या बाजूची भिंत, खालपासून वरपर्यंत टाइल लावलेली. त्याने टाइलवर पेरं आपटली. भरीव. पुढे सरकून आपटली. भरीव. ‘वहिनी, भिंती कसल्या आहेत इथल्या?’ त्याने तरीही विचारलं.

‘घरमालक म्हणत होते, अख्खी बिल्डिंग ओतीव काँक्रीटची आहे. खिळा ठोकायला गेलं की वाकतो.’

झालं. जे कानाने सांगितलं तेच घरमालकाने सांगितलं. तो खूश झाला.

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसणारी बाई साठीला टेकलेली. नवरा गेल्यावर दुकान तिनेच सांभाळलं. सगळे तिला स्क्रूताई म्हणत. भिंत कोणती हे विचारल्याशिवाय ती रॉल प्लगची साधी पुडीसुद्धा कुणाला देत नसे. नवीन माणूस ‘दहा प्लग द्या’ म्हणाला की ती विचारायची, ‘कशात? कशासाठी?’ आणि तो वैतागला तरी तिच्यावर परिणाम व्हायचा नाही.

‘स्टीलची दांडी, तीस इंची. दोन्ही टोकांना तीन-तीन भोकांची चकती,’ ठोक्या म्हणाला. ‘आणि आठ मिलिमीटरचे लोखंडी अँकर द्या सहा. न गंजणाऱ्या स्टीलचे. ओल आहे.’

‘कुठे लावताय?’

‘दादाच्या संडासात. धरून उठायला.’

स्क्रूताईचा हात खणावरच थांबला. ‘माणसाचं वजन आहे, मिस्त्री. भिंत कसली आहे?’

‘काँक्रीट.’

‘संडासाच्या मधल्या भिंती पुष्कळदा ब्लॉकच्याच असतात. बाहेरच्या काँक्रीटच्या असल्या तरी. जाळीची नळी आणि रसायन नेऊन ठेवा हवं तर, नाही लागलं तर परत करा.’

‘ठोकून बघितलंय ताई,’ तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर तिने आणखी चार प्रश्न विचारले असते. पण हा ठोक्या होता. तिने सहा अँकर मोजून कागदात गुंडाळले.

लावायच्या दिवशी दादाने वहिनीला खुणेने सांगून आपली खुर्ची संडासाच्या दाराशी आणवली. लोखंडी दांड्यांची खुर्ची, चाकांची. त्याला काम बघायचं होतं. दाढी करून घेतली होती, शर्ट बदलला होता. ठोक्याला हसू आलं. ‘साहेब तपासणीला आलेत,’ तो म्हणाला, आणि दादाचा डावा गाल हसला.

दांडीचं मागचं टोक कमोडच्या मागच्या कोपऱ्यापाशी येत होतं, पुढचं टोक गुडघ्याच्या थोडं पुढे. उठताना माणूस पुढे झुकतो आणि पुढच्या टोकावर भार देतो, म्हणून ते टोक तिथे. ठोक्याने कोपऱ्यापासून सुरुवात केली. टाइल फुटू नये म्हणून आधी मशीनचं ठोकणं, म्हणजे हॅमर, बंद ठेवून टाइलपुरतं भोक, मग हॅमर चालू. ड्रिलच्या बिटवर साठ मिलिमीटरला चिकटपट्टीची खूण. मशीन कण्हत आत गेलं. हातांना नेमका तो कडकपणा लागला, दगडाची खडी लागली की लागतो तो. भुकटी राखाडी, बारीक. तिन्ही भोकं तशीच. त्याने ती फुंकून साफ केली, अँकर घातले, नट आवळले. दोन-तीन फेऱ्यांत घट्ट. दादाकडे वळून त्याने अंगठा दाखवला. दादाने मान हलवली.

त्या कोपऱ्यात इमारतीचा कॉलम होता. हे त्याला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं. कोपऱ्यात कॉलम असतो हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं.

मग पुढचं टोक. इथे बिट जरा पटकन गेलं. पण नवीन बिट होतं, आणि टाइल, तिच्यामागचं जाड प्लास्टर आणि ब्लॉकची कड धरून साठ मिलिमीटर होतच आले होते, त्यामुळे बिट एकदम पोकळीत घुसून धक्का बसला नाही. चिकटपट्टी टाइलला टेकली आणि तो थांबला. भुकटी राखाडी. दुसरं भोक. तिसरं.

दादा खुर्चीच्या दांडीवर काहीतरी आपटत होता. ठोक्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून हात हलताना पाहिला. डाव्या हाताच्या बोटात दादाची जाड स्टीलची अंगठी होती. ती वरखाली होत होती. ठोक्याला वाटलं, जुनं काम बघून रंगात आलाय, ताल धरतोय. त्याने दादाकडे बघून हसून मान डोलावली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. आतून वहिनीने काहीतरी म्हटलं. दादा तोंडाने ‘अं, अं’ करत होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘झालंच दादा, दोन मिनिटं,’ ठोक्या म्हणाला.

पुढचे नट आवळताना पहिले दोन पाच-सहा फेऱ्या फिरले तेव्हा धरले. तिसरा आठ फेऱ्या फिरला. ठोक्याचा हात क्षणभर थबकला. काँक्रीटमध्ये एवढं फिरत नाही. मग त्याला वाटलं, आट्यांमध्ये तेल असेल, आणि धरलं तर आहे. त्याने दांडीला लोंबकळून बघितलं. मागच्या टोकाशी धरून लोंबकळला की पुढच्या, हे त्याला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

दादा आता आपटत नव्हता. तो ठोक्याकडे टक लावून बघत होता. वहिनीने खुर्ची आत नेली तेव्हाही मान वळवून बघत होता. ठोक्याला वाटलं, दमला बिचारा.

दहा दिवस दांडी भिंतीत टिकली. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ती रडत होती आणि हसत होती, आणि ठोक्याने मोठ्याने बोला, मोठ्याने बोला असं चारदा सांगितल्यावर कळलं, की दादाने सुरुवातीला दांडी धरायलाच नकार दिला होता, पण आज धरली, आपला आपण उठला आणि नंतर दोन पोळ्या खाल्ल्या. त्या दिवशी ठोक्या घरी गाणं गुणगुणत होता. सूर कुठेतरी चालला होता, पण बायको काही बोलली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दांडी पुढच्या टोकाकडून निघाली. एक-एक उठण्यागणिक अँकर आत हलत गेले होते, ब्लॉकची कड आतल्या आत फुटत गेली होती, आणि त्या दिवशी तिन्ही एकदम बाहेर आले. दादा डाव्या कुशीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्यांनी बघितलं आणि सांगितलं, हृदय एवढं कमजोर आहे की भूल देता येणार नाही. ऑपरेशन नाही. घरी न्या, आडवं ठेवा, पाठीला जखमा होऊ देऊ नका. वहिनीने विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी दुसऱ्याच पेशंटचे कागद चाळायला घेतले.

सगळ्यांनी बिल्डरला शिव्या घातल्या. पुतण्या फोनवर म्हणाला, काका, या लोकांवर केस केली पाहिजे, भिंती की बिस्किटं! शेजारीण म्हणाली, हल्ली मालच तसा वापरतात. वहिनी म्हणाली, ‘तुम्ही काय करणार भावजी, तुम्ही तर जीव तोडून लावली होती.’ ठोक्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. जेवढं ऐकू आलं तेवढं. चार दिवस तो गप्प राहिला, आणि त्या चार दिवसांत त्याला स्वतःची इतकी किळस आली की आरशासमोर दाढी करायचंही त्याने टाळलं.

पाचव्या दिवशी तो संडासात गेला. दांडी मागच्या टोकावर वाकडी लटकत होती. मागचे तीन अँकर केसभरही हलले नव्हते. पुढे टाइलचा टवका उडून खड्डा पडला होता. त्याने त्यात बोट घातलं. बोट आत गेलं, वाकलं, आणि मोकळं फिरलं. पोकळ ब्लॉक. दादा म्हणायचा तसा, ओरडून सांगणारा.

वहिनी दाराशी उभी होती. ती त्याच्या तोंडासमोर येऊन बोलली, म्हणून त्याला नीट कळलं.

‘भावजी, एक विचारू? तुम्ही ही पुढची भोकं पाडत होता ना, तेव्हा हे सारखे खुर्चीवर ठोकत होते. ठक ठक, मग थांबायचे. परत ठक ठक. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. मी ओरडले पण ह्यांच्यावर, की कान किटले, गप्प बसा जरा. त्यांना काही सांगायचं होतं का हो?’

ठोक्या कमोडच्या झाकणावर बसला.

दादाने दारातून ऐकलं होतं. भिंत बोलली होती आणि दादाने ती ऐकली होती. तोंडातून शब्द येत नव्हता म्हणून त्याने जुनी खूण दिली होती. थांब. थांब. थांब. लहान भावाने त्याच्याकडे बघून हसून मान डोलावली होती. मग सात-आठ दिवस त्याच भिंतीतली तीच दांडी दादाने धरली होती. का धरली? पोळी खावीशी वाटली म्हणून? बायकोचा हात काखेत नको म्हणून? की धाकटा एवढा खूश होऊन गेला, त्याचं मन मोडू नये म्हणून? विचारणार तरी कसं? आणि दादा सांगणार कसं?

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘मला ऐकू येत नाही. दीड-दोन वर्षं झाली. भिंत मला कळत नाही.’

वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि आत निघून गेली. तिने त्याला चहा विचारला नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

तो तिथून थेट दुकानात गेला आणि स्क्रूताईलाही सांगितलं. सांगताना तो काउंटरकडेच बघत होता. तिने ऐकलं, आणि लांब आटे असलेले तीन बोल्ट, नट, वायसर आणि हातभर लांबीची जाड स्टीलची पट्टी त्याच्यासमोर ठेवली. ‘आरपार जा,’ ती त्याला दिसेल असं ओठ हलवून म्हणाली. मग थांबून म्हणाली, ‘पण आता धरणार कोण, मिस्त्री?’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला, आणि सामान उचललं. कोण धरणार हा प्रश्नच नव्हता. ते भोक तसंच उघडं ठेवून मरायचं नव्हतं त्याला.

संडासाच्या त्या भिंतीच्या पलीकडेच दादाची खोली. दादाचा पलंग भिंतीला लागून, डावा हात भिंतीकडे. ठोक्याने दादासमोर पट्टी धरून दाखवली, बोल्ट दाखवले, भिंतीकडे बोट केलं. ‘आरपार जातो दादा. बरोबर करतो यावेळी.’ दादा बघत राहिला. वहिनीने पांघरुणावर जुनी चादर टाकली. तिचे डोळे सुजलेले होते. भोकं पलंगाच्या पायथ्यापलीकडे येणार होती. तरी ठोक्याने पलंग वीतभर उशाकडे ओढला.

संडासात येऊन त्याने लांब बिट लावलं. भिंतीवर ठोकलं नाही. डावा तळवा टाइलवर सपाट ठेवला. कान गेले तरी तळव्याला हादरा कळतो, हे त्याला या चार दिवसांत सुचलं होतं. त्याने मशीन सुरू केलं. टाइल, प्लास्टर, कड. मग बिट एकदम मोकळ्यात घुसलं आणि त्याचा खांदा पुढे फेकला गेला. हा तो धक्का. हाच त्या दिवशी आणखी बोटभर आत गेलो असतो तर बसला असता.

आता पलीकडची कड राहिली. तो थांबला, मशीन बंद केलं. जुन्या सवयीने तो थांबला होता. आता पलीकडून खूण यायची, मग पुढे. तळवा टाइलवर तसाच होता.

तळव्याला लागले. दोन.

ठोक्याचा चेहरा उजळला. दादाने दिली! दादा पलीकडे आहे आणि त्याने खूण दिली. म्हणजे काही आडवं आलं असणार, वायर असेल. त्याने बिट बाहेर काढलं, चार बोटं बाजूला नवीन खूण केली आणि पुन्हा तिथपर्यंत गेला. थांबला. तळवा ठेवला.

दोन.

तो मशीन हातात घेऊन दादाच्या खोलीत आला. त्या भिंतीवर वायर नव्हती, पाइप नव्हता. रंग दिलेली कोरी भिंत. दादाने मान त्याच्याकडे वळवली. डावा हात वर उचलला, कष्टाने, आणि ठोक्याच्या कानाकडे बोट केलं. मग त्याच्या हातातल्या मशीनकडे. मग अंगठीची मूठ भिंतीवर आपटली. एकदा. दुसऱ्यांदा.

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सहा महिने मशीन चालू करू न देणाऱ्या माणसाचे ते डोळे होते, आणि ते आता मशीन परत मागत होते.

‘आता काय करू मग मी?’ ठोक्या ओरडून म्हणाला. आपण ओरडतोय हे त्याला कळलं नाही. ‘दुसरं काय येतं मला?’

दादाने डोळे मिटले. हात चादरीवर पडला.

ठोक्याने बिट काढलं. ते गरम होतं, बोटं भाजली. त्याने मशीनची वायर गुंडाळली, मशीन पेटीत ठेवलं आणि पेटी दादाच्या पलंगाखाली सरकवली. तिथे दादाची जुनी हातोडी आणि छिन्नी गंजून पडलेली होती. मग त्याने संडासातली दांडी उतरवली, सगळी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, टाइल ओल्या फडक्याने पुसली. वहिनीने येऊन बघितलं आणि गेली. थोड्या वेळाने तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचा कप आणून ठेवला, त्याच्या हातात दिला नाही.

निघताना तो पुन्हा एकदा संडासात डोकावला. सिमेंट अजून ओलं होतं. त्याने भोकांपासून हातभर दूर, ब्लॉकच्या बरोब्बर मध्यावर, टाइलवर पेरं आपटली आणि कान लावला.

भरीव वाटली.